पगाराच्या समीकरणात 'महिला' डमी −०.३० वरून एकदम −१.३६ वर का गेली?

कलिना_कट्टा

एमएच्या अर्थमितीच्या प्रकल्पासाठी आम्हाला सरावाची एक फाइल मिळाली आहे. मुंबईतल्या पगारदारांसारखे दिसतील असे आकडे त्यात तयार करून घातले आहेत. खरं सर्वेक्षण नाही, त्यामुळे यावरून कुणी मुंबईबद्दल निष्कर्ष काढू नये. माझी अडचण अर्थ लावण्याची आहे.

डावीकडे मासिक पगाराचा लॉग. उजवीकडे महिन्याच्या कामाच्या तासांचा लॉग, महिला असेल तर १, आणि पदवीधर असेल तर १.

```
              Estimate   Std. Error
(Intercept)     5.76       0.31
log(taas)       0.80       0.06
mahila         -0.30       0.05
padavi          0.45       0.04
```

इथवर ठीक होतं. मग वाटलं, जास्त तास काम केल्याचा मोबदला स्त्री-पुरुषांना सारखाच मिळतो का तेही बघू. म्हणून महिला आणि तास यांचा इंटरॅक्शन घातला.

```
                   Estimate   Std. Error
(Intercept)          6.08       0.42
log(taas)            0.74       0.08
mahila              -1.36       0.74
padavi               0.45       0.04
mahila:log(taas)     0.20       0.14
```

आता 'महिला' −१.३६ दाखवतंय, आणि शेजारचे तारे गेले. १३६ टक्के कमी पगार असूच शकत नाही. मग या आकड्याचा अर्थ काय? आणि पहिल्या तक्त्यातले ०.८० आणि −०.३० वाक्यात कसे लिहायचे? परवा सादरीकरण आहे.

दादर_फास्ट

सोपं आहे. डावीकडे लॉग असला की कोएफिशियंट गुणिले १०० म्हणजे टक्के. बायकांना ३० टक्के कमी, पदवीधरांना ४५ टक्के जास्त. तासांच्या बाजूलाही लॉग आहे म्हणून ०.८० ही थेट लवचिकता: तास १ टक्का वाढले की पगार ०.८ टक्के वाढतो, तास दुप्पट केले की पगार ८० टक्के वाढतो.

दुसऱ्या तक्त्यात मल्टिकोलिनिअरिटी झाली आहे. महिला आणि महिला×तास हे दोन्ही जवळजवळ एकच आहेत. इंटरॅक्शन काढून टाका, विषय संपला.

मिरची_भजी

तास दुप्पट? चर्चगेट-विरार करणाऱ्या माणसाला हे सांगून बघा. तो म्हणेल आधी दिवस ४८ तासांचा करा.

निवृत्त_गणक

०.८० ही लवचिकता एकपेक्षा कमी आहे, म्हणजे श्रमाची मागणी अलवचिक आहे. आमच्या वेळी बी.ए.लाच हे शिकवत. मजुरी वाढली तरी मालक माणसं फारशी कमी करत नाही, असा त्याचा अर्थ.

शिवडीकर

गणककाका, मागणीची लवचिकता काढायची तर डावीकडे माणसांची किंवा तासांची संख्या हवी आणि उजवीकडे मजुरीचा दर. इथे डावीकडे पगार आहे. हे ०.८० मालकाबद्दल काहीच सांगत नाही. महिन्याला जास्त तास भरणाऱ्या माणसाचा पगार कमी तास भरणाऱ्यापेक्षा कोणत्या प्रमाणात जास्त दिसतो, एवढंच ते सांगतं. एकपेक्षा कमी आहे याचा अर्थ इतकाच की तास जितके पट वाढतात तितके पट पगार वाढत नाही, म्हणजे तासाचा दर उतरत जातो.

दादर_फास्ट यांचं पहिलं वाक्य लहान आकड्यांना चालतं. ०.०३ असेल तर बिनधास्त ३ टक्के म्हणा. पण आकडा ०.१० च्या पुढे गेला की अंतर दिसायला लागतं. लॉगमधला −०.३० म्हणजे पगार e^(−०.३०) पट, म्हणजे ०.७४१ पट. त्यामुळे फरक २५.९ टक्के, ३० नाही. पदवीचं उलट्या दिशेला जातं: e^०.४५ म्हणजे १.५६८, म्हणून ४५ नव्हे तर ५६.८ टक्के जास्त. ऋण आकडा टक्क्यांत आणला की आकसतो आणि धन आकडा फुगतो. हॅल्व्हर्सन आणि पामक्विस्ट यांनी १९८० साली 'अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू'मध्ये एका छोट्या टिपणात हेच दाखवलं होतं.

तासांचंही तसंच. तास १० टक्के वाढले तर १.१ चा ०.८ वा घात, म्हणजे १.०७९. ८ आणि ७.९ यांत भांडायला जागा नाही. पण दुप्पट केले तर २ चा ०.८ वा घात १.७४, म्हणजे ७४ टक्के. लवचिकता हा लहान पावलांचा हिशेब आहे. मोठ्या उडीला घात घ्यावाच लागतो.

−१.३६ बद्दल रात्री लिहितो, आता मीटिंग आहे.

दादर_फास्ट

२६ की ३०, एवढ्याने काय बिघडतं? दिशा तर तीच आहे ना.

पार्लेकरीण

बिघडतं. उलटं करून बघा. बायकांना २६ टक्के कमी म्हणजे पुरुषांना १ भागिले ०.७४१, म्हणजे ३५ टक्के जास्त. आकडे तेच, पण एक बातमी २६ म्हणणार, दुसरी ३५, आणि तुमच्या पद्धतीने दोन्हीकडे ३०. कुणाच्या तुलनेत ते वाक्यात नसेल तर वाचणाऱ्याला काहीच कळत नाही.

शिवडीकर

पार्लेकरीणताई, अगदी बरोबर. लॉगमध्ये बेस बदलला तर फक्त चिन्ह बदलतं, −०.३० चं +०.३० होतं. टक्क्यांत आणलं की ही समानता मोडते. म्हणून तक्त्यात लॉगचाच आकडा ठेवावा आणि मजकुरात एकदाच, बेस सांगून, टक्के लिहावेत.

बीकेसीतला_माणूस

मी पगाररचनेचं काम करतो. आमच्याकडे नेहमी हा गोंधळ होतो: संचालकांना सरासरी पगारातला फरक हवा असतो, विश्लेषक लॉगच्या रिग्रेशनमधून काढलेला टक्का देतो, आणि दोन आकडे जुळत नाहीत. मग कुणीतरी चुकलंय असं सगळे धरून चालतात. यात नेमकं काय होतं?

शिवडीकर

कुणीच चुकलेलं नसतं, मोजमाप वेगळं आहे. लॉगची सरासरी काढून उलटवली की जिऑमेट्रिक मीन मिळतो, नेहमीची सरासरी नाही. तीन पुरुष घ्या, पगार २०, २० आणि ८० हजार. तीन स्त्रिया, प्रत्येकी ३० हजार. नेहमीच्या सरासरीने पुरुष ४० हजार, स्त्रिया ३० हजार, फरक २५ टक्के. जिऑमेट्रिक मीनने पुरुष साधारण ३१,७५० आणि स्त्रिया ३० हजार, फरक साडेपाच टक्के. लॉग त्या ८० हजारवाल्याला खाली दाबतो. वरच्या खुर्च्यांवर पुरुषच असतील तर लॉगमधला फरक सरासरीतल्या फरकापेक्षा लहान दिसेल. प्रश्न ठरावीक माणसाच्या पगाराचा आहे की एकूण वेतनखर्चाच्या वाटणीचा, हे आधी ठरवा, मग आकडा निवडा.

बीकेसीतला_माणूस

हे उदाहरण उद्याच वापरतो. धन्यवाद.

शिवडीकर

आता मूळ प्रश्न.

कलिना_कट्टा, पहिल्या समीकरणात स्त्री आणि पुरुष यांच्या रेषा लॉगच्या आलेखावर समांतर आहेत, त्यामुळे कुठेही मोजलं तरी अंतर −०.३०. इंटरॅक्शन घातल्यावर रेषांचा चढ वेगळा झाला: पुरुषांचा ०.७४, स्त्रियांचा ०.७४ + ०.२० म्हणजे ०.९४. आता अंतर जागेप्रमाणे बदलतं, आणि 'महिला'समोरचा आकडा हे एकाच जागेचं अंतर असतं: जिथे इंटरॅक्शनमधली दुसरी गोष्ट शून्य आहे तिथलं. तुमच्याकडे ती गोष्ट आहे लॉग तास. लॉग शून्य कधी होतो? तास १ असतो तेव्हा.

म्हणजे −१.३६ हे महिन्याला एक तास काम करणाऱ्या स्त्री-पुरुषांमधलं अंतर आहे. e^(−१.३६) म्हणजे ०.२५७, म्हणून ७४ टक्के कमी. १३६ टक्के नाहीच. पण ते ७४ टक्केही कुणाबद्दल नाहीत, कारण तसं काम करणारा एकही माणूस फाइलमध्ये नसणार.

मिरची_भजी

महिन्याला एक तास काम आणि वर पगार? पत्ता द्या, मी अर्ज करतो. लिंग कुठलंही लिहा.

शिवडीकर

:) आता २०० तासांवर मोजा. लॉग २०० म्हणजे ५.२९८. त्याला ०.२० ने गुणलं की १.०६. −१.३६ + १.०६ = −०.३०. तुमचा जुना आकडा जागच्या जागी आहे, कुठेही गेला नाही.

१०० तासांवर: ४.६०५ गुणिले ०.२० म्हणजे ०.९२, म्हणून अंतर −०.४४, जवळपास ३५.५ टक्के कमी. २४० तासांवर −०.२६४, साधारण २३ टक्के कमी. कमी तासांच्या नोकऱ्यांत अंतर मोठं, जास्त तासांच्या नोकऱ्यांत लहान. दुसरं समीकरण हे सांगायचा प्रयत्न करतंय.

हे प्रत्येक वेळी हाताने करायचं नसेल तर शून्याची जागाच हलवा:

```r
m2 <- lm(log(pagar) ~ mahila * log(taas / 200) + padavi,
         data = d)
```

आता २०० तासांना लॉग शून्य होतो, म्हणून 'महिला'समोर −०.३० येईल आणि स्टँडर्ड एरर पुन्हा ०.०५ च्या आसपास उतरेल. इंटरॅक्शन ०.२० च राहील, त्याची एरर ०.१४ च राहील, आर-स्क्वेअरही हलणार नाही. समीकरण तेच, फक्त तुम्ही त्याला कुठे उभं राहून विचारताय ती जागा बदलली.

दादर_फास्ट

मग मी मल्टिकोलिनिअरिटी म्हटलं ते बरोबरच निघालं की. तास २०० ने भागल्यावर ती गेली आणि एरर कमी झाली.

शिवडीकर

दोन रकाने एकमेकांशी घट्ट बांधलेले होते, हे तुमचं निरीक्षण खरं आहे. पण 'काढून टाका' हा उपाय त्यातून निघत नाही. एरर ०.७४ होती ती खरीच होती. फाइलमधले तास बहुधा दीडशे ते अडीचशेच्या दरम्यान असतील. तिथून रेषा एक तासापर्यंत लांबवली तर टोक डगमगणारच, आणि −१.३६ हे त्या टोकाचं मोजमाप आहे. २०० ने भागल्यावर माहिती वाढली नाही, आपण माहिती आहे त्या जागी परत आलो. आणि इंटरॅक्शन काढला तर तासांप्रमाणे अंतर बदलतं का, हा यांचा प्रश्नच पुसला जाईल.

आणखी एक खूण सांगतो, यावरून गडबड ओळखता येते. तास महिन्याऐवजी आठवड्याचे घ्या, म्हणजे सगळे ४ ने भागा. इंटरॅक्शन नसेल तर फक्त पहिली ओळ, इंटरसेप्ट, बदलेल, ०.८० आणि −०.३० जसेच्या तसे. लॉगचा हा मोठा फायदा. पण इंटरॅक्शन असताना भागलंत तर 'महिला' −१.३६ ची −१.०८ होईल. एकक बदलल्यावर जो आकडा बदलतो, तो निष्कर्ष म्हणून मथळ्यात घालू नये.

कलिना_कट्टा

करून पाहिलं. २०० ने भागल्यावर −०.३०, एरर ०.०५. आठवड्याचे तास घेतल्यावर −१.०८. दोन्ही सांगितल्याप्रमाणे आले! आमच्या वर्गात तिघांनी इंटरॅक्शन घातलाय आणि तिघांच्याही अहवालात 'लिंगाचा परिणाम महत्त्वाचा उरला नाही' असं वाक्य आहे. आजच सांगते त्यांना.

पार्लेकरीण

माझा अनुभव थोडा वेगळ्या बाजूने. मुलगी झाल्यावर मी दिवसाचे ९ तासांऐवजी ६ तास मागून घेतले. तास एक तृतीयांश कमी झाले, पगार मात्र निम्मा केला. कंपनीचं नाव नको. काम तेच, पद तेच. यात लवचिकता काय धरायची?

आणि एक सूचना. मासिक पगार कशाला घेता? डावीकडे तासाचा दर घ्या, म्हणजे कमी तासांचा प्रश्नच मिटतो.

शिवडीकर

पगार ०.५ पट, तास ०.६६७ पट. लॉग घ्या: −०.६९३ भागिले −०.४०५, म्हणजे १.७१. एकपेक्षा बरीच जास्त, म्हणजे तास कमी करणाऱ्याला दरातही दंड बसला. क्लॉडिया गोल्डिन यांना २०२३ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांनी २०१४ च्या लेखात अमेरिकेतल्या व्यवसायांसाठी नेमकी हीच लवचिकता मोजली, कमाईची तासांच्या संदर्भात. वित्त आणि कायदा यांसारख्या क्षेत्रांत ती मोठी निघते आणि तिथेच स्त्री-पुरुषांमधली दरीही मोठी असते. फार्मसिस्टच्या कामात पगार तासांच्या जवळपास प्रमाणात मिळतो आणि दरी लहान असते.

फक्त एवढं लक्षात घ्या की तुमचं १.७१ हे एकाच व्यक्तीचं आधी-नंतर आहे. फाइलमधलं ०.८० वेगवेगळ्या माणसांची तुलना करून आलंय. १२ तास उभा राहणारा सुरक्षारक्षक आणि ८ तासांचा बँक अधिकारी त्यात शेजारी बसलेत. जास्त तासांच्या नोकऱ्याच कमी दराच्या असतील तर ०.८० खाली ओढला जातो. त्यावरून 'तास वाढवा, पगार इतका वाढेल' असं कुणाला सांगता येत नाही.

तासाच्या दराबद्दल: डावीकडे पगार भागिले तास ठेवलं आणि उजवीकडे तासही ठेवले, तर तासांचा आकडा बरोबर १ ने कमी होईल, ०.८० चा −०.२०. बाकी एकही ओळ हलणार नाही. समीकरण तेच, पण 'जास्त काम केलं की मजुरी घटते' असा मथळा करायचा मोह होतो. दुसरी भानगड अशी की तास चुकीचे नोंदवलेले असतील तर ती चूक आता दोन्ही बाजूंना बसते. कुणी २०० चे २२० सांगितले की उजवीकडे तास वाढतात आणि त्याच चुकीने डावीकडे दर घटतो. खरा संबंध नसतानाही उणे आकडा दिसू शकतो.

निवृत्त_गणक

यावर मी बोलू शकतो, क्षेत्रकामात होतो. पीएलएफएसमध्ये, म्हणजे २०१७-१८ पासून चालू असलेल्या श्रमबल सर्वेक्षणात, नियमित पगारदाराची कमाई मागच्या कॅलेंडर महिन्याची विचारतात आणि कामाचे तास मागच्या सात दिवसांचे. त्या आठवड्यात गणपती आले असतील तर माणूस तीन दिवस सुट्टीवर, पण पगार पूर्ण महिन्याचा. तुम्ही त्या तासांना चारने गुणून महिना केलात तर १०० तासांचे पगारदार कागदावर भरपूर दिसतील, प्रत्यक्षात नसतील.

शिवडीकर

काका, हे फार कामाचं सांगितलंत. उजव्या बाजूला असा गोंधळ असला की लवचिकता सहसा शून्याकडे ढकलली जाते. ०.८० मधला काही भाग फक्त यामुळेही एकखाली आलेला असू शकतो. सरावाच्या फाइलमध्ये तपासता येणार नाही, पण खऱ्या आकड्यांवर गेलात तर सणांचे आठवडे वेगळे काढून बघा.

अंधेरी_पूर्व

मला यातलं गणित जेमतेम कळतं, पण एक विचारतो. पदानुसार डमी का नाही घातल्या? कारकून, व्यवस्थापक, अभियंता. त्या घातल्या की −०.३० बराच खाली येईल आणि खरा भेदभाव किती ते कळेल.

पार्लेकरीण

आणि व्यवस्थापकपद कुणाला मिळतं तो भेदभाव नाही का? बढती अडवली म्हणून पगार कमी, आणि तुम्ही 'पद सारखं धरून' तुलना केली की ते अंतर गायब. आकडा लहान करायची ही सोपी युक्ती आहे.

बीकेसीतला_माणूस

दोन्ही बाजू आमच्याकडे ऐकू येतात. समान कामाला समान पगार देतो का, हे तपासताना पद घ्यावंच लागतं, नाहीतर शिपाई आणि संचालक यांची तुलना होते. कायद्याचाही रोख तोच आहे, १९७६ चा समान वेतन कायदा 'समान किंवा समान स्वरूपाचं काम' असंच म्हणत होता.

शिवडीकर

माझं मत पार्लेकरीणताईंच्या बाजूला झुकतं. तरी पद न घेताचा −०.३० म्हणजे भेदभाव, असंही मी लिहिणार नाही. त्यात अनुभव नाही, क्षेत्र नाही. दोन्ही आकडे छापा आणि प्रत्येकाने कोणता प्रश्न विचारला ते लिहा. यावर श्रम-अर्थशास्त्रात अजून वाद आहेत, या धाग्यावर मिटणार नाहीत.

अंधेरी_पूर्व

मला अजूनही पद घेणंच योग्य वाटतं. पण बढतीचा मुद्दा मी धरला नव्हता, हे खरं.

कलिना_कट्टा

सादरीकरणासाठी मसुदा असा केलाय, बघाल का?

'महिन्याला २०० तास काम आणि शिक्षण सारखं असलेल्यांत स्त्रियांचा पगार पुरुषांपेक्षा सरासरी २६ टक्के कमी आहे. तासांच्या संदर्भात पगाराची लवचिकता पुरुषांसाठी ०.७४ आणि स्त्रियांसाठी ०.९४ आहे, म्हणजे कमी तासांच्या नोकऱ्यांत दरी जास्त आहे.'

बीकेसीतला_माणूस

'सरासरी' शब्द काढा, वर तीन पुरुषांचं उदाहरण झालंय. 'जिऑमेट्रिक मीनने' लिहा.

शिवडीकर

पहिलं वाक्य त्या दुरुस्तीनंतर उत्तम. दुसरं फार ठाम आहे. ०.२० ला एरर ०.१४, म्हणजे ९५ टक्क्यांची पट्टी साधारण −०.०७ ते ०.४७. शून्य त्यात बसतं. दोन्ही लवचिकता सारख्याच असण्याची शक्यता तुमची फाइल नाकारू शकत नाही. १०० तासांवरचं अंतर लिहायचं तर तिथली एरर वेगळी काढा, ती ०.०५ नाही, ०.११ च्या आसपास येईल. म्हणजे दरी २० टक्क्यांपासून ४८ टक्क्यांपर्यंत कुठेही. शिवाय १०० तासांच्या आसपास किती जण आहेत ते आधी मोजा.

कलिना_कट्टा

मोजले. १२० तासांच्या खाली फक्त अकरा जण आहेत, त्यांत पुरुष दोन.

शिवडीकर

मग १०० तासांचा आकडा सादरीकरणात नकोच. दीडशे ते अडीचशे या टप्प्यातलं अंतर आलेखावर पट्टीसह दाखवा आणि तिथेच थांबा. दोन पुरुषांच्या जिवावर कमी तासांची दरी सांगता येत नाही.

दादर_फास्ट

माझ्या जुन्या एक्सेलमध्ये सगळीकडे गुणिले १०० आहे. e चा घात घेणारं फंक्शन EXP च ना?

पार्लेकरीण

हो. `=EXP(B2)-1`, आणि सेल टक्क्यांच्या फॉरमॅटमध्ये ठेवा. पण फक्त डमीच्या ओळींना लावा. तासांच्या ओळीला लावू नका, ती आधीच लवचिकता आहे.